न झालेल्या सामन्यांचा हिशेब

जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाला पाच गडी राखून हरवलं आणि जागतिक कसोटी अजिंक्यपदाची गदा टेंबा बवुमाच्या हाती आली. त्याआधीचे पाच-सहा महिने क्रिकेटजगतात एकच कुरकूर चालू होती. हा संघ अंतिम सामन्यात पोहोचलाच कसा? दोन वर्षांच्या साखळीत तो ना ऑस्ट्रेलियाशी खेळला, ना इंग्लंडशी. वेस्ट इंडीज, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान असे तुलनेने दुबळे संघ वाट्याला आले, त्यांना हरवलं आणि तक्त्यात वर जाऊन बसला. भारताचं उलटं झालं. ऑस्ट्रेलियात पाच कसोटी आणि इंग्लंडविरुद्ध पाच कसोटी खेळून तो ५० टक्क्यांवर अडकला. अंतिम सामना हुकल्यावर आपल्याकडेही ही तक्रार चवीने बोलली गेली.

ही तक्रार खरी की खोटी, हे वादावादीने ठरत नाही. ते मोजून काढता येतं. सगळे संघ सगळ्यांशी खेळलेले नसतील तर झालेल्या निकालांवरून क्रम कसा लावायचा, हा गणितातला जुना प्रश्न आहे आणि त्याची बऱ्यापैकी चांगली उत्तरं आहेत. त्यातलं एक उत्तर या स्पर्धेला लावून पाहू.

आधी स्पर्धेची मांडणी. नऊ संघ, आणि प्रत्येकाने सहा मालिका खेळायच्या, तीन घरी आणि तीन बाहेर. कोणाशी खेळायचं हे क्रिकेट मंडळं आपसात ठरवतात. नऊ संघांच्या ३६ जोड्या होतात. २०२३ ते २०२५ या चक्रात त्यातल्या २७ जोड्यांमध्ये मालिका झाली आणि नऊ जोड्या कोऱ्या राहिल्या. भारत-पाकिस्तान, भारत-श्रीलंका, दक्षिण आफ्रिका-ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका-इंग्लंड या त्यातल्या चार. शिवाय मालिकेची लांबी सारखी नाही. इंग्लंड या चक्रात २२ कसोटी खेळलं, भारत आणि ऑस्ट्रेलिया १९-१९, दक्षिण आफ्रिका फक्त १२.

सामन्यांची संख्याच वेगळी असल्यावर नुसत्या गुणांची बेरीज निरुपयोगी ठरते. म्हणून आयसीसी टक्केवारी काढते. विजयाला १२ गुण, अनिर्णित सामन्याला ४, आणि मिळवता आले असते त्यांपैकी किती मिळवले त्याची टक्केवारी. टक्केवारीचा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये आला, तोही चालू चक्राच्या मध्यावर, कारण कोरोनामुळे मालिका रद्द होत होत्या. त्या चक्रात इंग्लंडचे गुण ४४२ आणि न्यूझीलंडचे ४२० होते, पण टक्केवारीत इंग्लंड ६१.४ आणि न्यूझीलंड ७०. न्यूझीलंड अंतिम सामन्यात गेलं आणि जिंकलं. टक्केवारीने एक अन्याय दूर केला: कमी सामने खेळल्याची शिक्षा राहिली नाही. दुसरा मात्र तसाच राहिला. ऑस्ट्रेलियाला हरवलं काय आणि बांगलादेशला हरवलं काय, बारा गुण ते बारा गुणच.

मग प्रतिस्पर्ध्याचं वजन धरायचं म्हटलं तर लगेच एक पेच उभा राहतो. दक्षिण आफ्रिकेच्या विजयांची किंमत ठरवायला श्रीलंका किती बलवान आहे हे ठाऊक हवं. श्रीलंकेचं बळ कशावरून? तिने न्यूझीलंडला २-० हरवलं यावरून. न्यूझीलंडचं बळ? त्याने तर दक्षिण आफ्रिकेलाच २-० हरवलं आहे. आणि दक्षिण आफ्रिकेने श्रीलंकेला २-०. हे तिन्ही निकाल याच चक्रातले आहेत. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, म्हणजे अ हा क पेक्षा वरचढ, असा धागा धरून गेलं की माणूस जिथून निघाला तिथेच परत येतो. एकेका निकालाच्या मागे जाऊन क्रम लागत नाही. नऊही संघांचे अंक एकाच वेळी, एकमेकांवर अवलंबून असतानाच सोडवावे लागतात.

शाळेतली दोन अज्ञातांची दोन समीकरणं आठवत असतील, तर इथे नऊ अज्ञातांची नऊ समीकरणं आहेत, एवढाच फरक. ती मांडायची एक साधी रीत वेस्ली कॉली या अमेरिकन खगोलभौतिकशास्त्रज्ञाने दिली. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये हा प्रश्न आपल्यापेक्षा किती तरी बिकट आहे. सर्वोच्च गटात सव्वाशेच्या आसपास संघ आणि मोसमात प्रत्येकाचे बारा-तेरा सामने, म्हणजे बहुतेक जोड्या कोऱ्याच. १९९८ ते २०१३ या काळात तिथे विजेतेपदाच्या सामन्यातले दोन संघ ठरवताना मतदानासोबत संगणकीय क्रमवारीही धरत, आणि त्या क्रमवारींत कॉलीची एक होती.

रीत अशी. सुरुवातीला प्रत्येक संघाचा अंक अर्धा, म्हणजे ०.५०. संघ जसजसा खेळेल तसा त्याचा अंक काढायचा: विजयांत एक मिळवायचा, सामन्यांत दोन मिळवायचे आणि भागाकार करायचा. अनिर्णित सामना म्हणजे अर्धा विजय. दक्षिण आफ्रिकेचे आठ विजय, तीन पराभव, एक अनिर्णित. म्हणजे साडेआठ विजय. साडेआठ अधिक एक साडेनऊ, बारा अधिक दोन चौदा, भागाकार ०.६७९. हे वरचे एक आणि दोन कशाला? एकच सामना खेळून जिंकलेल्या संघाला शंभर टक्के मिळू नयेत म्हणून. त्याला ०.६७ मिळतात आणि पुढचं त्याने कमवायचं. एकही सामना न हरलेला संघ ही या विषयातली जुनी डोकेदुखी आहे. जर्मन गणिती एर्न्स्ट त्सेर्मेलो याने १९२९ मध्ये बुद्धिबळ स्पर्धांच्या निकालांवरून खेळाडूंचं बळ काढायची पद्धत मांडली, आणि तिच्यात अपराजित खेळाडूचं बळ अनंताकडे जातं. कॉलीच्या एक आणि दोनने ती अडचण राहत नाही.

आता खरी कळ. ते साडेआठ विजय असे फोडायचे: बारा सामन्यांचे निम्मे म्हणजे सहा, आणि वर अडीच. अडीच ही जिंकलेल्या आणि हरलेल्या सामन्यांतल्या फरकाची निम्मी रक्कम. तो सहाचा आकडा कुठून आला? प्रत्येक प्रतिस्पर्धी सरासरी बळाचा, म्हणजे ०.५० चा आहे असं आपण न बोलता धरून चाललो, म्हणून बारा गुणिले अर्धा बरोबर सहा. पण प्रतिस्पर्धी सरासरी नव्हते. म्हणून सहा काढून टाकायचे आणि तिथे प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्यांच्या अंकांची बेरीज ठेवायची.

दक्षिण आफ्रिका सहा संघांशी दोन-दोन कसोटी खेळली. पहिल्या फेरीत त्यांचे अंक येतात ते असे: भारत ०.५२४, न्यूझीलंड ०.५००, श्रीलंका ०.४००, पाकिस्तान ०.३७५, बांगलादेश ०.३५७, वेस्ट इंडीज ०.३३३. बारा सामन्यांची बेरीज ४.९८. सहाच्या जागी ४.९८ आले की वरची रक्कम साडेनऊवरून ८.४८ वर येते, आणि चौदाने भागल्यावर अंक ०.६७९ वरून ०.६०६ वर घसरतो. भारताचं बरोबर उलटं होतं. नऊ विजय, आठ पराभव, दोन अनिर्णित, म्हणजे पहिला अंक ०.५२४. एकोणीस सामन्यांचे निम्मे साडेनऊ, पण प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्यांची बेरीज येते १०.४१, कारण त्यात पाच वेळा ऑस्ट्रेलिया आहे. भारत ०.५६७ वर चढतो.

ही झाली दुसरी फेरी. आता सगळ्यांचेच अंक बदलले, म्हणून प्रतिस्पर्ध्यांच्या बेरजाही बदलल्या. पुन्हा तेच करायचं, आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत करत राहायचं. कागद-पेन्सिलीने जमतं, फक्त चिकाटी लागते. संगणकावर नऊ समीकरणं एका क्षणात सुटतात. चक्रातल्या ६९ सामन्यांचे निकाल घालून मी ती सोडवली. ऑस्ट्रेलिया ०.७०९, दक्षिण आफ्रिका ०.६२५, भारत ०.५७२, इंग्लंड ०.५४३, न्यूझीलंड ०.५३४. त्यांच्या बऱ्याच खाली श्रीलंका ०.४२, पाकिस्तान ०.३९, वेस्ट इंडीज ०.३६ आणि बांगलादेश ०.३४.

तेव्हा तक्रारीचं काय झालं? अर्धी टिकली. दक्षिण आफ्रिकेची वाट नऊ संघांत सर्वांत सोपी होती हे खरं आहे: तिच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.४३७ येते. सर्वांत खडतर वाट भारताची होती, सरासरी ०.५५४. पण ही सवलत पूर्ण वजा करूनही दक्षिण आफ्रिका दुसरीच राहते. अंतिम सामन्यात जे दोन संघ खेळले, तेच दोन संघ या हिशेबातही वर येतात. पहिला क्रमांक मात्र तिचा नव्हता, आणि त्यात वाटेचा संबंध फारच थोडा. ऑस्ट्रेलियाचे ॲशेस मालिकेत षटकांची गती कमी पडल्याबद्दल दहा गुण कापले गेले होते. ते कापले नसते तर आयसीसीच्या तक्त्यातही ऑस्ट्रेलिया ७१.९ टक्क्यांनी पहिली आली असती आणि दक्षिण आफ्रिका ६९.४ वर दुसरी. पाकिस्तान तळाला गेलं त्यातही हीच कात्री आहे. तेरा गुण कापले जाऊन त्याची टक्केवारी २७.९८ झाली, कॉलीच्या हिशेबात ते सातवं येतं. माझं स्पष्ट मत आहे की षटकांच्या गतीचा दंड खेळाडूंच्या मानधनातून घ्यावा. कोणता संघ किती बलवान, या मोजमापात त्याला जागा नको.

या पद्धतीची एक गोष्ट प्रथम ऐकताना पटत नाही. तुमचा अंक तुम्ही न खेळलेल्या सामन्याने बदलतो. २०२४ च्या पावसाळ्यात बांगलादेशने रावळपिंडीत पाकिस्तानला २-० असं हरवलं. ऑस्ट्रेलिया या चक्रात बांगलादेशशी खेळली नाही, पाकिस्तानशी तीन कसोटी खेळली आणि तिन्ही जिंकली. रावळपिंडीतल्या निकालाने कळलं की ऑस्ट्रेलियाने ज्याला तीनदा हरवलं तो संघ वाटला तितका भारी नाही. पाकिस्तानने ते दोन सामने जिंकले असते तर ऑस्ट्रेलियाचा अंक जवळपास दोन शतांशांनी वर असता. हजारो मैलांवरच्या सामन्याने आपला अंक हलावा हे विचित्र वाटतं, पण सगळे सगळ्यांशी खेळत नसतील तर याला इलाज नाही. ज्या जोड्या कोऱ्या आहेत त्यांची माहिती तिसऱ्या आणि चौथ्या संघाच्या वाटेनेच येणार.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण कॉलीच्याच क्रमवारीत घडलं. डिसेंबर २०१० मध्ये मोसमाची त्याची शेवटची क्रमवारी जाहीर झाली, आणि बाहेरच्या एका जाणकाराने आकडे पडताळताना पाहिलं की एक निकाल भरायचाच राहून गेला आहे. तो सामना खालच्या गटातला होता, ॲपलाचियन स्टेट आणि वेस्टर्न इलिनॉय यांच्यातला. विजेतेपदाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. तो निकाल भरल्यावर संयुक्त क्रमवारीत दहाव्या आणि अकराव्या जागेवरच्या एलएसयू आणि बॉइझी स्टेट यांची अदलाबदल झाली. चूक सापडली ती कॉलीने आपली रीत आणि आकडे सर्वांसाठी खुले ठेवले होते म्हणूनच. त्या व्यवस्थेतल्या बहुतेक संगणकीय क्रमवारींची सूत्रं बाहेरच्यांना पाहायला मिळत नव्हती. तिथे असा एखादा निकाल गळला असता तर कोणाला कळलं असतं? क्रमवारीचं सूत्र झाकून ठेवणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नये.

आता ०.६२५ आणि ०.५७२ यांतलं अंतर केवढं, ते पाहिलं पाहिजे. तीन दशांश स्थळं छापली की आकडा पक्का वाटतो. २९ डिसेंबर २०२४ ला सेंच्युरियनवर दक्षिण आफ्रिकेला पाकिस्तानविरुद्ध १४८ धावा हव्या होत्या. आठ गडी ९९ धावांत गेले. उरलेल्या धावा रबाडा आणि यान्सन या दोन गोलंदाजांनी काढल्या, आणि त्या विजयाने दक्षिण आफ्रिकेचं अंतिम सामन्यातलं स्थान पक्कं झालं. समजा, पाकिस्तानला ते शेवटचे दोन गडी मिळाले असते. बाकीचे ६८ निकाल जसेच्या तसे ठेवून मी समीकरणं पुन्हा सोडवली. दक्षिण आफ्रिका ०.५६ वर येते, भारत ०.५७ वर राहतो. भारत दुसरा! आयसीसीच्या टक्केवारीत मात्र तेव्हाही दक्षिण आफ्रिका ६१ टक्क्यांवर आणि भारत ५० वर, म्हणजे कसलीही चुरस नाही.

यावरून दोन्ही बाजूंचं काही तरी कळतं. टक्केवारी जो अकरा टक्क्यांचा फरक दाखवते तो बराचसा वाटेच्या सोपेपणातून आलेला असू शकतो. आणि ज्याला आपण नीट हिशेब म्हणतो, तोसुद्धा बारा सामन्यांच्या आधारावर एका भागीदारीने उलटतो. बारा सामने हा पुरावा मुळातच तोकडा आहे. कोणतंही सूत्र त्यातून असलेल्यापेक्षा जास्त माहिती पिळून काढू शकत नाही. ऑस्ट्रेलिया पहिली हे ठामपणे म्हणता येतं. दक्षिण आफ्रिका भारताच्या वर, हे ‘बहुधा’ लावूनच म्हणावं. इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्यात क्रम लावूच नये.

सूत्राला न दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका न्यूझीलंडमध्ये ०-२ हरली तेव्हा तिचे बहुतेक मुख्य खेळाडू घरच्या ट्वेंटी-ट्वेंटी लीगमध्ये गुंतले होते आणि कसोटी संघाचा कर्णधार नील ब्रँड याचंच कसोटी पदार्पण होतं. समीकरणाला ती दक्षिण आफ्रिकाच. त्या दोन पराभवांनी तिचा अंक खाली ओढला आणि न्यूझीलंडचा वर नेला. घरच्या मैदानाचाही इथे विचार नाही. न्यूझीलंडने भारताला बंगळुरू, पुणे आणि मुंबईत हरवलं, आणि त्या तीन विजयांचं वजन मायदेशातल्या विजयाइतकंच धरलं गेलं. पुण्यातल्या आणि वानखेडेवरच्या फिरकीच्या खेळपट्टीवर पाहुण्यांनी भारताला गुंडाळणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं त्यांना हे पटणार नाही. घरच्या फायद्यासाठी समीकरणात आणखी एक अज्ञात घालता येतो. मग तो अज्ञात काढायलाही तेच तोकडे ६९ सामने वापरावे लागतात, आणि बाकीचे अंक आणखी डळमळतात. विजय किती मोठा होता हेसुद्धा धरलेलं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये ते मुद्दाम काढून टाकलं होतं, नाही तर जिंकलेला संघ क्रमवारीसाठी दुबळ्या संघाला चिरडत बसतो.

आणि सगळ्यांच्या तळाशी एक अट आहे. कोऱ्या जोडीतल्या दोन संघांना जोडणारी वाट कुठून तरी हवी. भारत आणि पाकिस्तान यांच्यात २००७ नंतर कसोटी झालेली नाही, तरी या चक्रात दोघेही इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडीज आणि बांगलादेश या पाचांशी खेळले, म्हणून ०.५७ आणि ०.३९ हे आकडे एका मापाने मोजलेले आहेत. उद्या मंडळांनी आपापले दोन गट केले आणि गटाबाहेर कोणी कोणाशी खेळलं नाही, तर समीकरणं तरीही सुटतील. दोन्ही गटांची सरासरी मुकाट्याने अर्धी येईल आणि तक्ता नेहमीसारखाच दिसेल. पण एका गटातल्या ०.६० चा दुसऱ्या गटातल्या ०.६० शी काही संबंध नसेल. म्हणून कोणतीही क्रमवारी हाती आली की आधी पाहायचं ते कोण कोणाशी खेळलं याचं जाळं. ते जाळं एकसंध आहे का, आणि दोन भागांना जोडणारे सामने किती?

आयसीसीने कॉलीचं सूत्र घ्यावं असं मी म्हणणार नाही. अंतिम सामना ठरवणारा नियम असा हवा की दुपारच्या चहाच्या वेळी कर्णधाराला कळलं पाहिजे, आज जिंकलो तर आपण कुठे असू. टक्केवारीत ते कळतं, नऊ समीकरणांत नाही. पण तक्त्यात टक्केवारीच्या शेजारी आणखी एक रकाना सहज छापता येईल: आतापर्यंतच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी. दक्षिण आफ्रिकेसमोर ०.४४ आणि भारतासमोर ०.५५ हे आकडे दोन वर्षं सर्वांच्या डोळ्यांपुढे असते, तर वाद तेव्हाच आणि मुद्द्याला धरून झाला असता. कोऱ्या जोड्या कोणत्या ठेवायच्या हेही मंडळांच्या आपसातल्या सोयीवर सोडायचं कारण नाही. नऊ संघांना प्रत्येकी दोन गैरहजर प्रतिस्पर्धी वाटायचे आहेत. मागच्या चक्रातले वरचे चार एकमेकांशी खेळलेच पाहिजेत एवढी एक अट घातली तरी बराच फरक पडेल. २०२५ ते २०२७ च्या वेळापत्रकात दक्षिण आफ्रिकेच्या वाट्याला भारतात मालिका आली आहे, आणि घरी ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड दोघेही.